हंबकर बसवला आणि गिटारची धार गेली: सिंगल-कॉइलवर परत जाऊ का?

तीव्र_मध्यम

मंडळी, महिनाभर एकाच गोष्टीशी झगडतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी गिटार स्ट्रॅट घडणीची, तीन सिंगल-कॉइल म्हणजे एकेरी कॉइलचे पिकअप असलेली. बँडमध्ये आम्ही दोघं गिटारवाले. दुसऱ्याकडे लेस पॉल घडणीची, दोन हंबकर म्हणजे दुहेरी कॉइलचे पिकअप असलेली गिटार आहे. ड्राइव्ह वाढवला की त्याचा आवाज भिंतीसारखा उभा राहायचा आणि माझा पातळ, किरकिरा वाटायचा. वर दोन ओळींच्या मधल्या शांततेत माझ्या ॲम्पमधून सतत घूं घूं. म्हणून ब्रिजचा सिंगल-कॉइल काढून तिथे जास्त आउटपुटचा हंबकर बसवून घेतला. नेक आणि मधला पिकअप जुनेच आहेत.

घूं घूं गेली, आवाजही भरला. पण आता ड्राइव्हवर पूर्ण ए मायनर वाजवला तर आतले सूर वेगळे ऐकूच येत नाहीत, सगळ्याचा गोळा होतो. क्लीनवर तर ॲम्पवर पांघरूण टाकल्यासारखं वाटतं. सोलोला मात्र छान वाजतो. तालमीत दोघं एकत्र वाजवायला लागलो की मी कुठे आहे ते मलाच कळत नाही.

हंबकर असाच असतो का? की माझ्या जोडणीत काही चुकलंय? परत सिंगल-कॉइलवर जावं असं वाटायला लागलंय.

नादखुळा_७

हंबकर असाच असतो. दोन कॉइल म्हणजे दुप्पट आउटपुट आणि कमी ट्रेबल. मल्टीमीटरने ओहम बघ. साधा हंबकर ८ किलो-ओहमच्या आसपास असतो, तुझा १४-१६ असणार. जितके ओहम जास्त तितका पिकअप जोरात. ॲम्पचा गेन कमी कर आणि ट्रेबल वाढव, विषय संपला.

गाभारा

माझा अनुभव उलटा आहे. मी हंबकर लावला तरी भणभण गेली नाही. तारांना हात लावला की कमी होते, सोडला की परत सुरू. हंबकरच खराब निघाला असं धरून चाललोय. तुमचा कुठला आहे सांगाल का?

सोल्डरधूर

गाभारा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण आधी त्याचं सांगतो. आवाज दोन प्रकारचे असतात. एक, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून कॉइलमध्ये शिरणारी खालच्या सुराची घूं घूं. गिटार घेऊन उभ्या उभ्या स्वतःभोवती फिरा. एका कोनात ती जवळजवळ नाहीशी झाली तर तो कॉइलचा विषय, आणि हंबकर फक्त त्याचा बंदोबस्त करतो. दुसरी असते ती वरच्या सुराची चिरचिरी भणभण. ती हवेतून वायरिंगमध्ये आणि तुमच्या शरीरात येते. तारांना हात लावल्यावर कमी होते म्हणजे तारा ग्राउंडला नीट जोडलेल्या आहेत, फक्त आतल्या पोकळीला आडोसा नाही. पोकळीत तांब्याची पट्टी लावा आणि ती ग्राउंडला जोडा. पिकअप बदलू नका.

तीव्र_मध्यम, हंबकर "असाच असतो" हे मला पटत नाही. चार गोष्टी कळव. मीटरवर किती ओहम दाखवतो, पिकअपच्या कागदावर हेन्रीचा म्हणजे कॉइलच्या इंडक्टन्सचा आकडा आहे का, व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट किती किलोचे, आणि गिटारपासून ॲम्पपर्यंत एकूण केबल किती मीटर.

तीव्र_मध्यम

ओहम १६ किलो. कागदावर ८ हेन्री लिहिलंय. पॉट जुनेच, २५० किलोचे. केबल गिटारपासून पॅडलपर्यंत ६ मीटर, तिथून ॲम्पपर्यंत ५ मीटर. पॅडल तीन, तिन्ही ट्रू बायपास. ड्राइव्ह ॲम्पचाच वापरतो, त्यामुळे पॅडल बहुतेक वेळ बंदच असतात. पिकअपमधून चार वायरी बाहेर आल्यात, त्यातल्या दोन एकमेकींना जोडून टेप लावून ठेवल्यात.

सोल्डरधूर

सगळं यातच आहे. थोडं लांब लिहितो.

आधी ओहमबद्दल. १६ किलो म्हणजे ८ किलोच्या दुप्पट जोर, हे खरं नाही. ओहम सांगतात ते तारेचा अडथळा. तार बारीक केली की तेवढ्याच वेढ्यांना ओहम वाढतात. ४२ गेजच्या जागी ४३ वापरली तर सुमारे सव्वापट होतात, जोर तेवढाच राहतो. जास्त आउटपुटच्या पिकअपमध्ये तार बहुधा बारीकही असते आणि वेढेही जास्त असतात, म्हणून दोन गोष्टींची गल्लत होते. त्यापेक्षा हेन्रीचा आकडा जास्त बोलतो. स्ट्रॅटचा सिंगल-कॉइल साधारण सव्वादोन ते अडीच हेन्रीचा असतो, जुन्या पद्धतीचा हंबकर साडेचारच्या आसपास. तुझा ८ आहे.

पिकअप एकटा कधीच वाजत नाही. कॉइल आणि केबल मिळून एक गाळणी तयार होते. केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धर. या गाळणीला एक शिखर असतं. तिथे आवाज थोडा उसळतो आणि त्याच्या वरचं सगळं भराभर कापलं जातं. हे शिखर कुठे पडतं त्यावर आपण पिकअपला "काचेसारखा" किंवा "भरदार" म्हणतो.

६ मीटरच्या एका केबलवर सिंगल-कॉइलचं शिखर ४००० हर्ट्झच्या जवळ पडतं. जुन्या पद्धतीच्या हंबकरचं २८०० च्या आसपास. तुझ्या ८ हेन्रीच्या पिकअपचं त्याच केबलवर २१०० ला येईल. पण तुझे पॅडल बंद असताना पूर्ण ११ मीटर केबल पिकअपच्या गळ्यात असते, त्यामुळे ते १६०० पर्यंत घसरतं. कॉर्डमधले सूर वेगळे ओळखू येतात ते बरेचसे त्याच्या वरच्या भागातून. तोच तू कापून टाकलायस.

त्यात २५० किलोचे पॉट. पॉटचा अडथळा कमी असेल तर शिखराची उसळी दबते. सिंगल-कॉइलला ते मानवतं, नाहीतर तो कानाला टोचतो. हंबकरला म्हणून ५०० किलोचे लावतात. म्हणजे तुझ्याकडे शिखर खालीही आलंय आणि चपटंही झालंय.

आज एवढंच कर. ३ मीटरची केबल घे, पॅडल बाजूला ठेव, गिटार थेट ॲम्पला लाव आणि तोच ए मायनर वाजव. ॲम्पच्या एकाही खुंटीला हात लावू नकोस.

एकतारी

गणित बरोबर असेल, पण एक मुद्दा राहतोय. शिखर सारखं आणलं तरी हंबकर सिंगल-कॉइलसारखा वाजत नाही. सिंगल-कॉइल तारेला एका जागी ऐकतो, हंबकर दोन जागी, आणि त्या दोन जागांत साधारण १९ मिलिमीटरचं अंतर असतं. जाड तारेचे वरचे काही हार्मोनिक त्या दोन जागी उलटसुलट हलतात आणि एकमेकांना खातात. उघड्या सहाव्या तारेवर हे मला स्वच्छ ऐकू येतं. सिंगल-कॉइलवर त्या तारेला पियानोसारखा खण्ण आवाज येतो, तो हंबकरवर कधीच मिळाला नाही, केबल कितीही आखूड करा.

सोल्डरधूर

एकतारी, मान्य. उघड्या सहाव्या तारेवर हा खड्डा २८०० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे ऐकू येण्याच्या जागीच. पहिल्या तारेवर तो ११ हजारांच्या वर जातो, तिथे गिटारच्या स्पीकरमधून काही बाहेरच येत नाही. म्हणून फरक जाड तारांवर कळतो, पातळ तारांवर नाही. फक्त तीव्र_मध्यमचं पांघरूण या कारणाने आलेलं नाही.

अनघा_र

मी एक वेगळीच बाजू मांडते. धाग्यात असं धरून चाललोय की जड आवाज हवा तर हंबकर हवा. टोनी आयोमीने ब्लॅक सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम एसजीवर वाजवला, आणि त्या गिटारवर पी-९० होते. पी-९० सिंगल-कॉइलच आहे, फक्त रुंद आणि जवळपास दहा हजार वेढ्यांचा. रिची ब्लॅकमोर स्ट्रॅट घेऊन डीप पर्पलमध्ये जे वाजवायचा त्याला कोणी पातळ म्हणणार नाही. लेड झेपलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर जिमी पेजच्या हातात बहुतांश टेलिकास्टर होती.

मी स्वतः दोन गिटारच्या बँडमध्ये पी-९० वाजवते. सिंगल-कॉइल ड्राइव्हवर किरकिरतो कारण त्याचं वरचं शिखर तसंच्या तसं डिस्टॉर्शनमध्ये शिरतं आणि तिथे त्याची वाळू होते. डिस्टॉर्शननंतर ॲम्पचा ट्रेबल कमी केला तर वाळू तशीच राहते, फक्त झाकली जाते. वरचा भाग डिस्टॉर्शनच्या आधी काढावा लागतो. मी ॲम्पच्या आधी ईक्यू पॅडल ठेवते. ८०० हर्ट्झला थोडा चढ, ४००० च्या वर उतार. तेवढ्यानेच आवाज जमिनीवर उभा राहतो. तुम्ही जुना पिकअप काढण्याआधी हे करून पाहिलं होतं का?

तीव्र_मध्यम

नाही, ॲम्पचा ट्रेबलच कमी करत होतो. त्याने आवाज मऊ व्हायचा आणि पातळही राहायचा. आता कारण कळलं.

सोल्डरधूर दादा, केबलचा प्रयोग केला. फरक इतका आहे की आधी विश्वासच बसला नाही. ३ मीटर केबलवर ए मायनरमधली दुसऱ्या तारेवरची सी ऐकू आली. गेल्या महिन्याभरात ती एकदाही ऐकली नव्हती. क्लीनवरचं पांघरूणही गेलं. मग ११ मीटरची जोडणी परत केली, पण पहिलं पॅडल चालू ठेवलं आणि त्याच्या खुंट्या शक्य तितक्या निरुपद्रवी ठेवल्या. तरीही आवाज बराच उघडा राहिला. हे कसं?

सोल्डरधूर

पॅडल चालू असलं की पिकअपला त्याच्या पुढची केबल दिसतच नाही. तुझे ११ चे ६ मीटर झाले. म्हणून पहिलं पॅडल बफर असलेलं ठेव आणि गिटारपासून तिथपर्यंत ३ मीटरच केबल वापर. त्या ३ मीटरवर तुझ्या ८ हेन्रीच्या पिकअपचं शिखर २८०० ला येतं, म्हणजे जुन्या पद्धतीचा हंबकर ६ मीटरवर जिथे असतो तिथेच.

आता पॉट. सरळ ५०० किलोचे टाकलेस तर नेक आणि मधला सिंगल-कॉइल टोचायला लागतील. त्यावर उपाय आहे. व्हॉल्यूम आणि टोन ५०० चे कर, आणि दोन्ही सिंगल-कॉइलच्या गरम वायरीपासून ग्राउंडपर्यंत प्रत्येकी एक ४७० किलोचा रेझिस्टर जोड, निवड-स्विचच्या आधी. तो पिकअप निवडला की ५०० आणि ४७० मिळून सुमारे २४० होतात, म्हणजे त्याला आपलं जुनंच घर मिळतं. हंबकर निवडला की पूर्ण ५०० राहतात. एक उणीव सांगून ठेवतो. नेक आणि मधला एकत्र निवडलास की दोन्ही रेझिस्टर लागतात आणि त्या जागी आवाज थोडा मऊ पडतो. मला चालतो, तुला चालेल का ते ऐकून ठरव.

आणि पिकअपची उंची बघ. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून जाड तारेच्या बाजूला किती अंतर आहे?

तीव्र_मध्यम

दीड मिलिमीटर. बसवणाऱ्याने जास्तीत जास्त वर आणला होता, जोर मिळावा म्हणून.

सोल्डरधूर

तीनवर ने. पातळ तारेच्या बाजूला दोन ठेव. जाड तारा इतक्या जवळ असल्या की ॲम्पला नुसता खालचा धक्का बसतो, आणि गोळ्याचं ते दुसरं कारण आहे. आउटपुट थोडं कमी होईल, ते गेनने भरून काढ. हंबकर असल्यामुळे गेन वाढवला तरी घूं घूं वाढणार नाही.

नादखुळा_७

ओहमचं मला आज नव्याने कळलं, मी पाच वर्षं तो आकडा बघूनच पिकअप निवडत आलो. पण एक विचारतो. त्याच्याकडे चार वायरी आहेत तर कॉइल-स्प्लिट का नाही करत? एक कॉइल बंद केली की सिंगल-कॉइल मिळाला, दोन्ही जगांतलं घरात.

सोल्डरधूर

करता येतं, पण स्प्लिट म्हणजे स्ट्रॅटचा सिंगल-कॉइल नव्हे. घडण वेगळी. स्ट्रॅटमध्ये प्रत्येक तारेखाली चुंबकाची कांडी असते, हंबकरमध्ये चुंबक खाली आडवा असतो आणि वर लोखंडी स्क्रू. शिवाय आउटपुट एकदम पडतं आणि घूं घूं परत येते.

या पिकअपला मी स्प्लिटपेक्षा पॅरलल सुचवेन. दोन कॉइल एकापुढे एक जोडण्याऐवजी शेजारी शेजारी जोडायच्या. हेन्री चौथाई होतात, म्हणजे ८ चे २. तो आकडा स्ट्रॅटच्या सिंगल-कॉइलला खेटून आहे, आणि दोन्ही कॉइल चालू असल्याने घूं घूं कापली जातेच. साडेचार हेन्रीच्या हंबकरला पॅरलल केलं तर आवाज फारच बारीक होतो, म्हणून अनेकांना तो आवडत नाही. तुझ्यासारख्या जड पिकअपला मात्र तो शोभतो. ऑन-ऑन-ऑन प्रकारचा छोटा डीपीडीटी स्विच लावलास तर सिरीज, स्प्लिट आणि पॅरलल तिन्ही ऐकता येतील.

एकतारी

आणि तरीही तो दोन जागीच ऐकणार, हे माझं म्हणणं कायम. तीव्र_मध्यम, तुमचा जुना सिंगल-कॉइल जपून ठेवा, विकू नका. तुमच्या बँडमध्ये एक हंबकर आधीच आहे. दोघांचं शिखर एकाच जागी आलं तर दोघंही एकमेकांना झाकणार. तालमीत तुम्ही स्वतःला ऐकू येत नव्हता त्याचं अर्धं कारण तेच असेल.

अनघा_र

याला माझा दुजोरा. आमच्या बँडमध्ये दुसरा हंबकर घेऊन आला तेव्हा मी त्याच्यासारखं वाजायचा प्रयत्न सोडला. तो खाली, मी वर. एकटी वाजवताना माझा आवाज मला पातळच वाटतो, तरी मी तो तसाच ठेवते. घरी बसून जुळवलेला टोन तालमीत कधी टिकला नाही.

गाभारा

तांब्याची पट्टी लावली. भणभण निम्म्याहून कमी झाली, हात न लावताही. पण एक भीती वाटते. ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिलं की हंबकरमधूनही थोडी घूं घूं येतेच. हे बरोबर आहे का?

सोल्डरधूर

बरोबर आहे. दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असतात, म्हणून दोघींत सारखीच शिरलेली घूं घूं कापली जाते. चुंबकाचे ध्रुवही उलटे असल्याने तारेचा आवाज मात्र कापला न जाता मिळतो. सेथ लव्हरने गिब्सनमध्ये १९५५ साली याच युक्तीचा पेटंट-अर्ज केला. पण ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ गेलात तर एक कॉइल दुसरीपेक्षा जास्त पकडते, आणि तो फरक कापला जात नाही. एक पाऊल मागे या.

तीव्र_मध्यम

दोन आठवड्यांनी लिहितोय. उंची ३ आणि २ केली, पहिलं पॅडल बफरचं केलं, आधीची केबल ३ मीटरची. पॉट ५०० चे आणि दोन ४७० चे रेझिस्टर लावून झाले. तीन जागांचा स्विचही लावला.

सिरीजमध्ये सोलो आधीसारखाच भरदार, आता कॉर्डही उलगडतात. पॅरललवर ताल वाजवला तेव्हा आमचा दुसरा गिटारवाला थांबून म्हणाला, आज तू ऐकू येतोयस. अनघाताईंचा ८०० हर्ट्झचा चढ पॅरललवर छान बसतो, सिरीजवर मात्र नको होतो. नेक आणि मधला एकत्र खरंच मऊ वाजतो. क्लीनला तो मला आवडतोय.

एक गोष्ट अडली आहे. ब्रिज आणि मधला एकत्र निवडला, आणि ब्रिज स्प्लिटवर ठेवला, की घूं घूं कापली जात नाही. आधी तीन सिंगल-कॉइल असताना त्या जागी ती कापली जायची.

सोल्डरधूर

तुझा मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा आहे, म्हणून आधी कापली जायची. स्प्लिटमध्ये तू हंबकरची जी कॉइल चालू ठेवलीस तिचा ध्रुव मधल्याशी जुळतोय. होकायंत्र घे, आधी मधल्या पिकअपवर धर, मग हंबकरच्या दोन्ही कॉइलवर एकेक करून. मधल्यावर सुईचं जे टोक खेचलं जातं, त्याच्या विरुद्ध टोक ज्या कॉइलवर खेचलं जाईल ती चालू ठेव. स्विचवरची जोडणी उलटावी लागेल. आवाजाचा फेज बिघडणार नाही, कारण त्या कॉइलचे वेढेही उलटेच आहेत.

एकतारी

ती कॉइल बदलताना कान देऊन ऐका. ब्रिजकडची चालू राहिली तर आवाज कडक होईल, नेककडची राहिली तर गोल. घूं घूं कापणारी कॉइल आणि कानाला आवडणारी कॉइल एकच निघेल याची खात्री नाही. माझ्या गिटारवर त्या दोन वेगळ्या निघाल्या, आणि मी घूं घूं सोसून कडक आवाज ठेवला.

सोल्डरधूर

मी तिथे उलट केलं असतं.

तीव्र_मध्यम

होकायंत्राने तपासलं. घूं घूं कापणारी नेककडची आहे. आज रात्री जोडणी उलटवतो, उद्याच्या तालमीत दोन्ही वाजवून बघतो आणि इथे लिहितो.